स्टॅम्पपेपरने व्हिसा मिळत नाही

गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगणवाडी भागात जरीकामाचे लहान लहान कारखाने आहेत. त्यांतील एखाद्या कारखानदाराला ब्रिटनमधील नातेवाईक किंवा गिऱ्हाईक बोलावणे पाठविते, तेव्हा तो प्रथम एजंटाकडे धाव घेतो. एजंट ठरीव मजकुराचे निमंत्रणपत्र आणि नोटरीच्या शिक्क्याचे ॲफिडेव्हिट तयार करून देतो. शिक्का पाहून आमच्या माणसाला वाटते, काम पक्के झाले. आम्हाला हे साफ चुकीचे वाटते. सही करणारा आपल्यासमोर हजर होता, एवढेच नोटरी सांगतो. मजकूर खरा आहे, याची हमी तो देत नाही, आणि अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाचा निर्णय बहुतेक वेळा कागदांवरच होतो, मुलाखत क्वचितच होते. केंद्रावर कागद घेणारी कंपनी निर्णय घेत नाही. तुम्ही समोर नसताना अधिकारी एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहतो. दुसऱ्याच्या खर्चाने येणाऱ्याबाबत नियमाचे प्रश्न सरळ आहेत: खर्च करणाऱ्याशी नाते किंवा धंद्याचा संबंध खरा आहे काय? तो तेथे कायदेशीर राहतो काय? आणि सांगितलेले दिवस तो खर्च करू शकतो काय, व करील काय?

एक उदाहरण घेऊ. कारखानदाराचा मेहुणा तिकडे नोकरी करतो. त्याने लिहिले, ‘तीन आठवड्यांचा सगळा खर्च माझा.’ पगार हातात २,१०० पौंड येतो. घरभाडे, वीज, मुलांचा खर्च मिळून १,७५० जातात. उरतात ३५०. बँकेच्या उताऱ्यात ४,००० पौंड दिसतात खरे, परंतु त्यांतील ३,००० अर्जाच्या आठवडाभर आधी एकरकमी जमा झाले आहेत. अधिकारी विचारणार, हे पैसे कोणाचे? उत्तर कागदांत नाही. म्हणजे हमी मोठी आणि खिसा लहान.

यावर उपाय म्हणून आणखी एक ॲफिडेव्हिट जोडणे व्यर्थ आहे. हमीच लहान करावी. तीन आठवड्यांऐवजी बारा दिवस. मेहुण्याने राहणे आणि जेवण एवढेच अंगावर घ्यावे. तिकिटाचे पैसे कारखानदाराने स्वतःच्या खात्यातून द्यावेत. मेहुण्याने सहा महिन्यांचा बँक उतारा व पगारपत्रके द्यावीत आणि पगारपत्रकावरील रक्कम उताऱ्यात त्याच तारखेच्या आसपास दिसावी. एकरकमी पैसे भिशीचे असतील किंवा कोणी फेडलेल्या कर्जाचे असतील, तर तसे दोन ओळींत लिहून पुरावा लावावा. पुरावा नसेल तर त्या रकमेवर भिस्त ठेवू नये.

आमच्या कारागिरांची खरी फसगत मात्र पत्राच्या मजकुरात होते. तेथील बुटिकवाला प्रेमाने लिहितो, ‘हे आठवडाभर आमच्या दुकानात भरतकामाला हातभार लावतील.’ या एका वाक्याने अर्ज बुडतो, कारण भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही. बैठक, सौद्याची बोलणी, करारावर सही, माल पाहणे हे चालते. व्यापारी प्रदर्शनात जाता येते, पण केवळ प्रसिद्धीसाठी; तेथे माल थेट विकता येत नाही. तेव्हा पत्रात लिहावे: अमुक तारखांना नमुने पाहून पुढील हंगामाच्या ऑर्डरीची बोलणी करायची आहेत, यापूर्वी अमुक बिलांनी माल घेतला आहे. आणि ती बिले जोडावीत. जुनी तीन बिले व त्यांचे बँकेत आलेले पैसे कोणत्याही गोड पत्रापेक्षा अधिक बोलतात.

परंतु पाहुणचाराची हमी कितीही पक्की असली तरी ती परत येण्याची हमी नव्हे. हा माणूस परत का येईल, याचे उत्तर गोवंडीतच असते. येथे आमच्या धंद्याची दुखरी बाजू उघडी पडते. व्यवहार रोखीचा, रिटर्न भरलेले नाही किंवा भरले तर नाममात्र. रिटर्नमध्ये वर्षाचे तीन लाख आणि अर्जात महिन्याला साठ हजार लिहिले, तर अधिकाऱ्याला दुसरे काही शोधावेच लागत नाही. रोख रक्कम नियमित खात्यात भरणे आणि रिटर्न खऱ्या उलाढालीवर भरणे, ही तयारी अर्जाच्या आदल्या महिन्यात होत नाही.

अमेरिकेचा प्रकार तर आणखी वेगळा. तेथील भेटीच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र वा हमीपत्र आवश्यकच नाही. कायद्याच्या २१४(ब) कलमान्वये तुम्ही कायमचे राहायला येत आहात असे गृहीत धरूनच मुलाखत होते, आणि तो समज तुम्हाला स्वतःच्या परिस्थितीने खोडावा लागतो. मामाचे ॲफिडेव्हिट तेथे कामी येत नाही.

एजंट ‘बॅलन्स दाखवून देतो’ म्हणतो, तेव्हा त्याला तेथेच थांबवावे. ब्रिटनमध्ये खोटा कागद पकडला गेला तर दहा वर्षे दार बंद होऊ शकते. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. मात्र २०१३ पासून नातेवाइकांच्या भेटीच्या नकारावर पूर्वीसारखे सर्वसाधारण अपील राहिलेले नाही. म्हणून नकारपत्रातील प्रत्येक कारण वाचावे आणि जो कागद जुळला नाही तोच दुरुस्त करून नव्याने जावे. तेच कागद नव्या स्टॅम्पपेपरवर नेल्यास उत्तरही तेच येते.