विहिरीच्या काठावरील पंप आणि दोन नळ

गावाकडील वाड्याच्या विहिरीवर बसविलेली मोटर श्रावणात भरभरून पाणी देते आणि चैत्रात नुसतीच घरघरते, हा अनुभव अनेक कुटुंबांना असेल. मोटर तीच, विहीरही तीच. खाली गेलेली असते ती पाण्याची पातळी.

पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळात निर्वात निर्माण करतो आणि विहिरीतील पाण्यावर पडणारा हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. व्यवहारात 7 मीटरच्या आसपास मर्यादा येते. समजा, उन्हाळ्यात पाणी 11 मीटरवर गेले, तर अधिक अश्वशक्तीची मोटर आणूनही उपयोग होत नाही.

येथे इजेक्टर जेट पंप उपयोगी पडतो. मोटर काठावरच राहते. विहिरीत दोन नळ सोडतात. व्यापारी नफ्याचा काही भाग पुन्हा भांडवलात घालतो, त्याप्रमाणे हा पंप वर आणलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा बारीक नळाने दाबासह खाली परत पाठवतो. तळाशी ते पाणी नोझलच्या अरुंद तोंडातून सेकंदाला 20 मीटरहून अधिक वेगाने सुटते. वेग वाढला की दाब घटतो; त्या कमी दाबाच्या जागी फूट व्हॉल्व्हमधून विहिरीचे पाणी आत शिरते. दोन्ही प्रवाह व्हेन्चुरीच्या अरुंद गळ्यात मिसळतात. पुढे नळी हळूहळू रुंदावते, वेग मंदावतो आणि दाब पुन्हा वाढतो. हा दाब जाड नळातील पाण्याला 5-6 मीटर वर उचलून देतो. उरलेले अंतर काठावरील पंपाच्या आवाक्यात असते.

या सोयीची किंमत द्यावी लागते. मिनिटाला 60 लिटर वर आले आणि त्यातील 35 परत गेले, तर टाकीत 25 लिटरच पडतात. वीज मात्र 60 लिटरची लागते. म्हणून पाणी 7 मीटरच्या आत असताना साधा पंपच किफायतशीर ठरतो.

एक चूक वारंवार घडते. अधिक पाण्याच्या लोभाने डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, की परतीचा दाब कोसळतो, नोझलचा झोत मंदावतो आणि पाणी पूर्ण थांबते. दाबमापकाचा काटा स्थिर राहील इतकाच व्हॉल्व्ह उघडावा. काटा नेहमीपेक्षा वर आणि धार मात्र बारीक, असे दिसल्यास नोझलमध्ये खडा किंवा गाळ अडकला आहे, असे समजावे. रोज सकाळी पंपात पाणी भरावे लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह गळत आहे किंवा एखादा सांधा हवा घेत आहे. दोष विहिरीत असताना मोटर दुरुस्तीला पाठविण्याचा खर्च त्यामुळे वाचेल.