पोळ्याचे स्टिकर करायला बसण्याआधी

रायपूरच्या आपल्या मराठी घरांत पोळ्याच्या दिवशी फोनवर दोन प्रकारचे निरोप येतात. नागपूर-अमरावतीकडून ‘पोळ्याच्या शुभेच्छा’, आणि शेजारून ‘पोरा तिहार के बधाई’. सण एकच, अमावास्याही तीच. फक्त आपण तिला श्रावणातली म्हणतो, शेजारी भादोची म्हणतात. दोन्ही बोलींचा एक स्टिकर पॅक करावा, असं तुमच्या घरातल्या चित्र काढणाऱ्या मुलीच्या मनात आलं असेल, तर तिला जरूर करू द्या. पण आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमचे स्टिकर कितीही लोकांनी वापरले, तरी व्हॉट्सअॅप त्याचा एक रुपयाही देत नाही. टेलिग्रामही देत नाही.

सुरुवात सोळा चित्रांनी करा. व्हॉट्सअॅपवर एका पॅकमध्ये कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त तीस स्टिकर बसतात. मातीचा नांदिया बैल, ठेठरी-खुरमीचं ताट, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढणारं पोर, यांचेच वेगवेगळे प्रकार काढले की निम्मा पॅक होतो.

प्रत्येक चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं घ्या. मागची बाजू पारदर्शक ठेवा. चारही कडांना सोळा पिक्सेल मोकळे सोडा आणि चित्राभोवती आठ पिक्सेलची पांढरी किनार द्या. किनार नसली की काळा बैल गडद पडद्यावर दिसेनासा होतो. तुमच्या फोनवर सगळं छान दिसतं, पण काकांच्या फोनवर नुसती शिंगं उरतात. फाइल वेबपी प्रकारची हवी, १०० केबीच्या आत.

अक्षरांकडे जास्त लक्ष द्या. स्टिकर गप्पांमध्ये लहानसाच दिसतो, म्हणून त्यावर दोन-तीन शब्दच लिहा. चित्र काढायच्या काही अॅपमध्ये देवनागरी मोडते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. ‘तिहार’ लिहून पाहा, लगेच कळेल. तसं झालं तर शब्द हातानंच काढा. हातानं काढलेला ‘ळ’ दिसतोही गोड. पॅक तयार झाला की आजीला चष्म्याशिवाय दाखवा. तिला वाचता आलं नाही, तर अक्षर मोठं करा.

सिनेमातले चेहरे, कार्टूनमधली पात्रं, दुसऱ्याचा फोटो घेऊ नका. कुणी तक्रार केली की सगळी मेहनत जाते.

आता पॅक चढवायचा कसा? स्टिकर मेकरसारखं अॅप घ्या. पॅकला नाव द्या, करणाऱ्याचं नाव लिहा, पॅकची छोटी खूण म्हणून एक चित्र निवडा, मग एकेक स्टिकर भरा आणि व्हॉट्सअॅपमध्ये जोडा. टेलिग्रामवर `@Stickers` उघडा आणि `/newpack` लिहा. तिथे चित्र फोटो म्हणून पाठवू नका, फाइल म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की पारदर्शकपणा जातो आणि बैलामागे चौकोन उभा राहतो. प्रत्येक चित्रामागून एक इमोजी पाठवा. शेवटी `/publish` करून पॅकचं छोटं नाव दिलं की लिंक मिळते. ती घरच्या ग्रुपवर टाका.

काही जण म्हणतील, स्वतःचं अॅप काढा, जाहिरातींतून पैसा येईल. गुगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. नवं वैयक्तिक खातं असेल तर बारा जणांकडून सलग चौदा दिवस अॅपची चाचणी करून घ्यावी लागते. एवढं करूनही अडचण उरतेच. लोक पॅक एकदा जोडतात आणि पुढे स्टिकर व्हॉट्सअॅपमधूनच पाठवतात. तुमचं अॅप पुन्हा कोण उघडणार? अॅप उघडलंच नाही तर जाहिरात दिसत नाही. घरखर्च त्यावर मांडू नका.

जपानच्या लाइन अॅपवर सामान्य लोकांनी काढलेले स्टिकर खरोखर विकले जातात, २०१४ पासून. पण तिथलं गिऱ्हाईक जपान, तैवान, थायलंडचं. त्याला ठेठरी कोण समजावणार?

आपल्याकडे पैसा मिळाला तर तो मागणीतून मिळेल. मिठाईवाला, लग्नघर, गणेश मंडळ. त्यांच्याशी बोलण्याआधी तासांचा हिशेब करा. सोळा स्टिकर, प्रत्येकी एक तास, वर दुरुस्तीचे चार तास, म्हणजे वीस तास. दुकानदारानं दोन हजार दिले तर तासाला शंभर रुपये पडले. ते परवडतात का, हे तुम्ही ठरवा. निम्मे पैसे आधी घ्या. दुरुस्ती दोनदाच, हेही आधीच सांगा, नाहीतर वीसचे चाळीस तास होतात.

सणाचं काम असेल तर पॅक दहा दिवस आधी त्यांच्या हाती द्या. पोळा झाल्यावर पोळ्याचा बैल कुणी पाठवत नाही.

आणि ‘आधी फी भरा, मग तुमचे स्टिकर आम्ही विकू’ असा फोन आला, तर फोन ठेवा. ओटीपी तर मुळीच सांगू नका.