एका सराव पेपरची किंमत

दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरच्या बडा बाजार रस्त्यावर संध्याकाळी चहाच्या टपरीशी उभं राहिलं, की थोड्याच वेळात मराठी कानावर पडतं. परभणी, लातूर, सांगलीकडची मुलं असतात, आणि विषय बहुधा एकच: क्लास लावायचा की नुसती टेस्ट सिरीज घ्यायची? या वादात हल्ली एक हिशेब हमखास पुढे येतो. एकूण खर्चाला सराव पेपरांच्या संख्येनं भागायचं आणि एका पेपरला किती रुपये पडले ते बघायचं. हिशेब चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

आधी तो मांडून बघू. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या वर्षभराच्या क्लासची फी दीड लाख धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी लागून १,७७,००० होतात. त्यात पूर्व आणि मुख्य मिळून ४० सराव पेपर येतात असं समजा. एक पेपर पडला ४,४२५ रुपयांना. घर सोडून आलेल्या मुलाला खोली आणि मेसही लागते. महिना वीस हजार धरले तर वर्षाचे २,४०,००० वाढतात, आणि तोच पेपर १०,४२५ रुपयांवर जातो. उलट पूर्व परीक्षेच्या ३२ पेपरांची ऑनलाइन सिरीज आठ हजारांत घेतली, तर पेपरला २५० रुपये. दहा पेपरांचं चारशे रुपयांचं सराव पुस्तक म्हणजे पेपरला ४०, आणि छापील पुस्तकावर जीएसटीही नाही. आयोगाचे स्वतःचे जुने पेपर तर upsc.gov.in वर फुकट आहेत. खर्च काय तो झेरॉक्सचा.

दहा हजार विरुद्ध चाळीस! इथे निकाल लागला असं वाटतं. पण क्लासवाला म्हणेल, 'मी पेपर विकतच नाही, मी शिकवतो,' आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. हा गुंता सोडवायची सोपी युक्ती अशी, की बहुतेक क्लास आपली टेस्ट सिरीज बाहेरच्या मुलांनाही सुटी विकतात. तिचा भाव विचारायचा. पूर्वची आठ हजार आणि मुख्यची सोळा हजार निघाली, तर १,७७,००० मधून २४,००० वजा करा. उरलेले १,५३,००० ही शिकवण्याची किंमत. पाचशे तास शिकवणं होणार असेल तर तासाला तीनशेच्या आसपास. ज्याला अर्थव्यवस्था किंवा राज्यव्यवस्था पुस्तकातून उलगडत नाही, त्याला हा भाव महाग नाही. ज्याला उलगडते, त्याला तो उगाच आहे. पण हा निर्णय शिकवण्याबद्दलचा झाला. पेपरांची संख्या दाखवून फीचं समर्थन करणाऱ्या माहितीपत्रकाकडे मग दुर्लक्ष केलेलं बरं.

हिशेबाचा दुसरा अर्धा भाग छेदात आहे. भागायचं किती पेपर मिळाले यानं नव्हे, किती सोडवून तपासले यानं. पूर्वचा पहिला पेपर १०० प्रश्न, २०० गुण, दोन तासांचा. तो सोडवायला दोन तास लागतात, पण नीट उलगडून बघायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. त्यामुळे ३२ पेपर घेणाऱ्यांतले कितीतरी जण बाराव्या-तेराव्याला थांबतात, आणि २५० चा पेपर ६६७ ला पडतो.

उलगडून बघणं म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगतो. एका मुलानं ९२ प्रश्न सोडवले. ५० बरोबर, ४२ चूक. चुकीला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणजे १०० मधून २८ गेले, उरले ७२. पुढच्या पेपरात त्यानं हात आखडला आणि ७५ च सोडवले. ४८ बरोबर, २७ चूक. ९६ मधून १८ गेले, उरले ७८. बरोबर उत्तरं दोन कमी आणि गुण सहा जास्त. पण यावरून 'कमी सोडवा' असा धडा काढणं घाईचं होईल. चारही पर्याय अनोळखी असताना मारलेला अंदाज सरासरीनं शून्य देतो. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला, तर तोच अंदाज थोडा फायद्यात जातो. दोन बाद झाले, तर प्रश्नामागे सरासरी दोन तृतीयांश गुण हाती लागतो. म्हणून सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे 'खात्री', 'दोनात अडलो', 'अंधारात' अशी खूण करायची आणि नंतर तिन्ही गटांचे गुण वेगळे मोजायचे. 'दोनात अडलो' गटात निम्म्याहून बरीच कमी उत्तरं बरोबर येत असतील, तर आपण पर्याय चुकीचे बाद करतोय हे कळतं. ही मोजणी चाळीस रुपयांच्या पेपरवरही तेवढीच होते.

स्वस्त पेपरात खोट नाही असं नाही. पुस्तकातले प्रश्न जुने होतात, चालू घडामोडी तर वर्षात शिळ्या. खाजगी सिरीजची खोट वेगळी: अवघड दिसावं म्हणून आकडे आणि योजनांची नावं विचारायची खोड. तिथे ६० गुण पडले म्हणून हाय खाऊ नये आणि १३० पडले म्हणून निर्धास्त होऊ नये. मोजपट्टी आयोगाच्या जुन्या पेपरांचीच. आणि ऑनलाइन सिरीजमध्ये क्लिक करून दिलेला पेपर खऱ्या परीक्षेसारखा नसतो. तिथे काळ्या बॉलपेननं ओएमआरवर गोळे भरायचे असतात, आणि शंभर गोळ्यांना वेळ लागतो. मुखर्जीनगरात एसएससीची तयारी करणाऱ्यांचं उलट आहे. त्यांची परीक्षाच संगणकावर होते, तेव्हा त्यांना ऑनलाइन सिरीजच योग्य, आणि ती पेपरला काही रुपयांतच पडते.

मुख्य परीक्षेला मात्र हा सगळा हिशेब फिरतो. पूर्वचा पेपर यंत्र तपासतं. हजारावा विद्यार्थी आला तरी विकणाऱ्याचा खर्च वाढत नाही. मुख्यची वही माणूस तपासतो. सोळा हजारांत सोळा पेपर म्हणजे वहीला हजार, आणि सामान्य अध्ययनाच्या पेपरात वीस प्रश्न असल्यानं उत्तराला पन्नास रुपये. हे पन्नास सार्थकी लागले का, ते वहीच्या समासात दिसतं. 'चांगला प्रयत्न, उदाहरणे वाढवा' हा शेरा वीसही उत्तरांखाली असेल, तर पैसे गेले. 'प्रश्नात टीकात्मक परीक्षण विचारलंय, तुम्ही फक्त वर्णन केलंत' असा एक शेरा मिळाला, तर पुस्तकातून न मिळणारी गोष्ट मिळाली. वही महिन्यानं परत येत असेल तर चांगल्या शेऱ्याचाही फारसा उपयोग नाही, कारण तोवर त्याच चुका पुढच्या तीन पेपरांत झालेल्या असतात.

मराठी माध्यमातून मुख्य लिहिणाऱ्यांनी तर आणखी एक बघावं. मराठी वही वाचणारा तपासनीस दिल्लीत शोधावा लागतो, पुण्यात सदाशिव पेठेत तो सहज भेटतो. अशा मुलासाठी राजिंदर नगरची खोली ही उत्तर-तपासणीच्या दृष्टीनं सगळ्यात महागडी खरेदी ठरते.

जाहिरातीतल्या यशस्वी चेहऱ्यांवरून भाव ठरवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अनेक क्लासना दंड केला तो याचसाठी, की फोटोतल्या उमेदवारांनी नेमका कोणता कोर्स घेतला होता ते लपवलं होतं. त्यांतले कितीतरी फक्त मुलाखतीच्या मार्गदर्शनासाठी आले होते.

माझं मत विचाराल तर पूर्वसाठी आयोगाचे जुने पेपर आणि एकच सिरीज, तीही पूर्ण करायची तयारी असेल तर. वाचलेले पैसे मुख्यच्या वह्यांवर घाला. क्लास लावायचाच असेल तर फी हप्त्यानं भरा आणि पावती जपा. कोर्स मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि पैसे भरण्याआधी एखाद्या साध्या विद्यार्थ्याची तपासलेली वही बघायला मागा. दाखवायला खळखळ केली, तर दुसरं दार ठोठावा.