ट्रेनीच्या अर्जात काय वाचावे?

डिप्लोमाचे उन्हाळी निकाल लागले की पंप कारखान्यांकडे प्रॉडक्शन ट्रेनीच्या जागेसाठी अर्जांची रीघ लागते. बहुतेक पत्रांत मेहनती स्वभाव, शिकण्याची तयारी आणि तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी असते. ते सारे खरेही असेल, पण त्यावरून मुलाची निवड करता येत नाही.

निवड करता येते ती पुढच्यासारख्या पत्रावरून. नमुन्यादाखल एक अर्जदार घेऊ. तो लिहितो, की अंतिम वर्षाच्या प्रकल्पात त्याच्या गटाने शेतावरचा एक जुना मोनोब्लॉक पंप उघडला. इंपेलरच्या गळ्याचा व्यास ८९.४ मिमी भरला आणि वेअर रिंगचा आतला व्यास ९०.३. म्हणजे फट ०.९ मिमी. दाबाखालचे पाणी या फटीतून पुन्हा सक्शनकडे पळत होते. नवी रिंग बसवून फट ०.३५ वर आणली. आधी २०० लिटरचे पिंप भरायला ४० सेकंद लागत, नंतर ३६. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह आवळून गेजवर दाब दोन किलोच ठेवला होता, म्हणजे हेड सुमारे २० मीटर.

शेवटचे वाक्य सगळ्यात मोलाचे. दाब सारखा ठेवला नसता, तर पिंप लवकर भरल्याचे श्रेय रिंगला देता आलेच नसते. हिशेबही जुळतो. सेकंदाला ५ लिटर आणि २० मीटर हेड म्हणजे पाण्याला मिळालेली शक्ती सुमारे ०.९८ किलोवॅट. मीटरवर २.२ किलोवॅट दिसत होते, म्हणून कार्यक्षमता ४५ टक्के. दुरुस्तीनंतर १.०९ भागिले २.२५, म्हणजे ४८. ही मोटरसह संपूर्ण संचाची कार्यक्षमता आहे, एकट्या पंपाची नाही, हेही मुलाने स्वतःहून लिहिले. प्रत्येक वाचन तीनदा घेतल्याचेही लिहिले. ४० सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे अडीच टक्के, तेव्हा एका वाचनावर तीन अंकांची वाढ सांगणे धाडसाचे ठरले असते.

याउलट ‘कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढवली’ एवढेच लिहिणारे पत्र प्रभावी वाटते, पण कशाने मोजले आणि कोणत्या हेडला, हे विचारले की बरेचदा उत्तर येत नाही. असेंब्ली आणि टेस्ट बेडवर रोज लागणारी सवय पहिल्या मुलाकडे आहे. त्याचे इंग्रजी अडखळत असेल, तर ते सहा महिन्यांत सुधारते. न मोजता आकडा ठोकण्याची सवय मात्र सहजी सुटत नाही.

पत्र दुसऱ्याने लिहून दिले असण्याची शंका राहतेच. म्हणून मुलाखतीच्या टेबलावर एक वापरलेली रिंग आणि व्हर्नियर ठेवावा. रिंग एकसारखी झिजत नाही. जो मुलगा व्यास दोन-तीन दिशांना घेतो, त्याने हे काम आधी केलेले असते.

व्यवस्थापकांना एवढीच विनंती, की पुढच्या जाहिरातीत एक ओळ घाला: ‘स्वतः मोजलेल्या एका कामाचे वर्णन अर्जात लिहावे.’