विश्लेषण : पगारवाढीची चर्चा मार्चमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

गडचिरोलीत सुशिक्षित तरुणांना मिळणाऱ्या खासगी नोकऱ्यांपैकी बऱ्याच नोकऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांवरच्या असतात. आरोग्य, शिक्षण, वनहक्क, उपजीविका असे विषय वेगवेगळे असले, तरी पगाराची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. मार्च संपत आला की नव्या वर्षाचे पत्र हाती पडते. त्यातला आकडा पाहून कर्मचारी नाराज होतो आणि मग साहेबांची वेळ मागतो. साहेब म्हणतात, ‘आता बजेट मंजूर झालंय, पुढच्या वर्षी बघू.’ हे उत्तर बहुतेकदा खरे असते, म्हणूनच त्यावर वाद घालता येत नाही. मात्र हा विषय नोव्हेंबरमध्ये निघाला असता, तर हेच उत्तर देता आले नसते.

पैसा नेमका कधी ठरतो?

प्रकल्पावरच्या कर्मचाऱ्याचा पगार संस्थेच्या तिजोरीतून जात नाही, तो देणगीदाराच्या मंजूर अंदाजपत्रकातल्या एका ओळीतून जातो. ‘क्षेत्र समन्वयक, १ पद, दरमहा अमुक, १२ महिने’ अशी ती ओळ असते. एप्रिल ते मार्च या वर्षासाठी ती ओळ साधारण डिसेंबर-जानेवारीत लिहिली जाते. फेब्रुवारीत देणगीदाराचे प्रश्न येतात आणि मार्चमध्ये मंजुरी मिळते. कंपन्यांच्या सीएसआर निधीचा वार्षिक आराखडाही बहुधा वर्ष सुरू होण्याच्या आसपास संचालक मंडळापुढे जातो. मंजुरीनंतर एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत वळवता येतो, पण करारात ठरलेल्या मर्यादेतच. त्यापलीकडे जायचे तर देणगीदाराची लेखी परवानगी लागते. एका माणसाच्या पगारासाठी ती मागायला कोणताही व्यवस्थापक सहसा तयार होत नाही.

तारखेचे महत्त्व सरकारी पातळीवरही दिसून येते. राज्यातल्या आशा सेविकांच्या दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला आणि लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली. मागणी जुनी होती, संप होऊन गेले होते, आझाद मैदानावर ठिय्या झाला होता. ते दोन दिवस हुकले असते, तर निर्णय निवडणुकीनंतरच्या अनिश्चिततेत सापडण्याची शक्यता होती. एकट्या कर्मचाऱ्यामागे संघटना नसते. अंदाजपत्रकाचे वेळापत्रक माहीत असणे एवढेच त्याच्या हाती असते.

पुरावा कशाला म्हणायचे?

याचे उत्तर जिल्ह्याबाहेर शोधण्याची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला. त्याच वेळी जिथे हा उपक्रम नव्हता, अशा ४७ गावांतल्या बालमृत्यूंचीही नोंद ठेवली. ‘लॅन्सेट’मध्ये डिसेंबर १९९९ला निष्कर्ष आले, तेव्हा ‘आमच्या गावांत मृत्यू घटले’ एवढ्यावर कुणाला थांबावे लागले नाही. शेजारच्या गावांच्या तुलनेत ते ६२ टक्क्यांनी घटले, असे सांगता आले. पुढे २०११मध्ये हा कार्यक्रम देशभर आशांमार्फत सुरू झाला आणि नवजात बालकाच्या गृहभेटींसाठी आशाला २५० रुपये देण्याची तरतूद झाली. कामातून मोबदला ठरण्याची वाट तुलनेच्या आकड्यावरून गेली होती.

पगारवाढीच्या अर्जात संशोधन करायचे नसते हे खरेच. पण ‘तुलना कशाशी?’ हा प्रश्न तिथेही लागू पडतो. ‘मी खूप मेहनत केली, सुट्टीच्या दिवशीही फिरलो’ हा पुरावा ठरत नाही. ती मेहनत खरी असली, तरी व्यवस्थापक ती देणगीदाराला दाखवू शकत नाही.

एक उदाहरण

समजा, भामरागडच्या बाजूची ३० गावे एका आरोग्य प्रकल्पाच्या क्षेत्र समन्वयक ताईंकडे आहेत. पगार २४,००० रुपये. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढते आणि गावे तुटतात. नेमका तोच हिवतापाचा हंगाम असतो. आधीच्या वर्षी जून ते सप्टेंबरदरम्यान १२ गावांत हिवताप तपासणीची किट कधी ना कधी संपली होती. ताईंनी जुन्या साठा नोंदवहीतून प्रत्येक गावाचा खप काढला आणि मे अखेरीस त्या हिशेबाने किट गावांत पोहोचवून ठेवल्या. यंदा किट संपलेली गावे ३. शेजारच्या २८ गावांच्या गटात जुनीच पद्धत होती. तिथे गेल्या वर्षी १० गावांत किट संपली, यंदा ९ गावांत.

हे चार आकडे पुरेसे आहेत. दोन्ही गटांवर पाऊस सारखाच पडला आणि पुरवठाही एकाच ठिकाणाहून आला, त्यामुळे हा फरक नशिबाचा म्हणता येत नाही. पद्धत बदलण्याचा निर्णय ताईंचा होता, हे मे महिन्यातल्या त्यांच्या ईमेलवरून दिसते. ती ईमेल जपून ठेवणे आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे. सहा महिन्यांनी चांगल्या कल्पनेचे श्रेय संपूर्ण टीमचे होऊन जाते, आणि त्यात कुणाचा लबाडपणा असतोच असे नाही.

आता अडचणीचा आकडा. आधीच्या हंगामात २,१०० तपासण्यांत १४० रुग्ण सापडले होते. यंदा १९० सापडले. वरवर पाहता ताईंच्या गावांत हिवताप वाढला! प्रत्यक्षात तपासण्या ३,८०० झाल्या. म्हणजे बाधित निघण्याचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. किट हाताशी असल्या की पूर्वी नुसत्या गोळीवर भागवले जाणारे तापही तपासले जातात आणि रुग्णसंख्या फुगलेली दिसते. हे साहेबांनी विचारण्याआधी ताईंनी स्वतः सांगायला हवे. प्रश्न आल्यावर दिलेले हेच स्पष्टीकरण सारवासारवीसारखे ऐकू येते.

‘माझ्यामुळे हिवताप कमी झाला’ असेही म्हणू नये. मच्छरदाण्या, शासनाची फवारणी, पावसाचे मान, अशी कितीतरी कारणे त्यात मिसळलेली असतात. तुलना नेहमी त्याच महिन्यांची करावी. ऑगस्टची मार्चशी तुलना केली, तर गडचिरोलीत हिवतापाबद्दल काहीही सिद्ध करता येते. आणि कागदावर रुग्णांची नावे नकोत, फक्त गाव आणि संख्या हवी.

किती मागायचे?

ताईंना २८,००० हवे आहेत. त्यांच्या डोक्यात ४,००० आहेत, पण साहेबांच्या तक्त्यात हीच वाढ वर्षाला ४८,००० दिसते. भविष्य निर्वाह निधी पूर्ण पगारावर भरला जात असेल, तर संस्थेच्या १२ टक्के हिश्श्याचे ५,७६० रुपये वाढून ५३,७६० होतात. हा आकडा आपण स्वतः मांडला की चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

काही जण इथे बचतीचा हिशेब जोडतात. तो जोडावा, पण खरा. किट संपल्यावर आयत्या वेळी जीप पाठवावी लागे. त्या फेऱ्या ११ वरून ४ वर आल्या आणि एका फेरीचा खर्च ३,५०० धरला, तर बचत २४,५०० होते. म्हणजे वाढीचा निम्मा भागही त्यातून निघत नाही. उरलेल्या रकमेचे समर्थन वेगळे आहे. गोंडी-माडिया बोलणारी, रस्ते ओळखणारी, साठा सांभाळणारी व्यक्ती सोडून गेली, तर नवी शोधून तयार करण्यात एक पावसाळा सहज जातो. सुरजागडच्या खाणीमुळे आणि कोनसरीच्या कारखान्यामुळे स्थानिक शिकलेल्या मुलांपुढे दुसरे पर्यायही आहेत. मात्र हे धमकीच्या सुरात बोलू नये. हातात दुसरे नेमणूकपत्र नसताना तर नाहीच.

‘मर्यादा आहे’ म्हटले तर?

इथे कर्मचारी हमखास अडतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये बदल होऊन प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० वरून २० टक्के झाली. सीएसआर नियमांत ती ५ टक्के आहे. या दोन्हींचा दाखला देऊन पगारवाढ नाकारली जाते. पण सीएसआरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा आणि त्यावर देखरेखीचा खर्च तिच्यात येत नाही. परदेशी निधीच्या नियमांतही संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च प्रशासकीय मानला जात नाही, उदाहरणार्थ रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार. म्हणून समन्वयकाचे पद ‘कार्यक्रम’ या शीर्षाखाली लिहिले आहे की ‘प्रशासन’ या शीर्षाखाली, हे विचारून घ्यावे. गावांत फिरणारी व्यक्ती कार्यालयीन शीर्षाखाली पडली असेल, तर पुढच्या प्रस्तावात ती जागा बदलून घेण्याची मागणी पगारापेक्षाही आधी करायला हवी.

बोलणे कसे व्हावे?

ऑगस्टमध्ये पूर चालू असताना किंवा देणगीदाराची भेट ठरलेल्या आठवड्यात विषय काढू नये. सप्टेंबरअखेरचे आकडे ऑक्टोबरात जुळतात, दिवाळी आटोपते, धानाची कापणी सुरू होते आणि गावातली कामे थोडी मंदावतात. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बरा. त्याआधी एक साधा प्रश्न विचारून ठेवावा, ‘सर, पुढच्या वर्षाचं बजेट देणगीदाराकडे कधी जाणार?’ उत्तर जानेवारी असेल, तर अजून दोन महिने हाती आहेत.

मग वेळ मागताना विषय सांगावा. ‘सर, माझ्या कामाचा आढावा आणि पुढच्या वर्षीचा पगार, यावर अर्धा तास हवा होता.’ एक पानाचा कागद दोन दिवस आधी द्यावा, कारण बहुतेक वेळा साहेबांनाही तो पुढे संचालकांना दाखवायचा असतो. सेवाभावी क्षेत्रात पैशाबद्दल बोलणे अजूनही ओशाळवाणे मानले जाते. प्रत्यक्षात संस्था दर सहामाहीला देणगीदाराकडे हेच करत असते. केलेले काम, आकडे आणि पुढच्या रकमेची मागणी.

रकमेवर अडले, तर त्याच बैठकीत खालची पायरी विचारावी. ताईंच्या बाबतीत ती अशी असू शकते : जानेवारीच्या प्रस्तावात पदाची ओळ २८,०००ची लिहायची, मंजुरी २६,०००ची आली तर प्रवासभत्ता वेगळा धरायचा आणि शेजारच्या २८ गावांत साठ्याची हीच पद्धत बसवण्याचे काम दिले, तर पदनाम बदलायचे. साहेब ‘बघू’ म्हणाले, तर त्याच संध्याकाळी चार ओळींची ईमेल जावी. काय ठरले, काय ठरले नाही, प्रस्तावाचा मसुदा कोणत्या तारखेला तयार होणार आणि त्याआधी पुन्हा कधी भेटायचे.