कार्यालयाचा जिना मोजलाय का कुणी?

परवा आपल्याकडच्या एका मंगल कार्यालयात टेप लावला. हॉल वरच्या मजल्यावर, माणसं ८००, जिना एकच, दीड मीटर रुंद. ब्रिटनमधल्या स्टेडियमचा हिशेब असा की मीटरभर रुंद जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं उतरतात, सपाट दारातून ८२. म्हणजे इथे मिनिटाला ९९, हॉल रिकामा व्हायला आठ मिनिटं! धुरात हातात असतात जेमतेम अडीच. त्यासाठी जवळपास पाच मीटर जिना हवा, आणि एका जिन्याखाली आग लागली तरी उरलेल्यांची बेरीज तेवढी भरायला हवी. मालक म्हणाले, "दार मोठं करतो की." अहो, मग गर्दी जिन्याच्या तोंडाशी तुंबेल. त्यात फुलांची कमान नि चपलांनी अर्धा मीटर आधीच खाल्लाय. नगरपालिकेने परवाना देताना खुर्च्या नाही, जिना मोजावा.