हमीभाव कागदावर, माल गोदामात आणि बाजार चार हजारांवर

हमीभाव वाढला की आपल्याकडे फटाके वाजतात. २०२३ ला सोयाबीनचा हमीभाव ४६०० होता, २०२४ ला ४८९२ झाला, २०२५ ला ५३२८. दोन वर्षांत सव्वासातशे रुपये वाढले. आता कळंबच्या नाहीतर लातूरच्या आडतीवर जाऊन विचारा, तिथं किती वाढले? २०२४ च्या दिवाळीत चार हजार ते सव्वाचार हजाराची बोली होती, आणि नंतरही बराच काळ बाजार तिथंच घुटमळत राहिला. सरकारी भाव वर चाललाय, बाजारभाव जागेवर बसलाय, आणि मधली दरी भरायला सरकारी तिजोरी उघडली जाते. ती नेमकी कुणासाठी उघडते, कितीला पडते आणि नंतर त्या मालाचं काय होतं, यावर आपले पुढारी बोलत नाहीत. म्हणून हा लांबलचक प्रपंच. वेळ काढून वाचा.

आधी २०२४-२५ ची खरेदी बघू. आपल्या राज्यानं त्या हंगामात विक्रमी खरेदी केली, हे खरं आहे. ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ११ लाख २१ हजार टन सोयाबीन नाफेड आणि एनसीसीएफसाठी घेतलं गेलं, ५ लाख ११ हजार शेतकऱ्यांकडून. आकडा मोठा वाटतो ना? आता त्याला पेऱ्यानं भागा. राज्यात सोयाबीन साधारण ५० लाख हेक्टरवर असतं. म्हणजे हेक्टरी सव्वादोन क्विंटल खरेदी. अडीच एकराच्या रानातून सव्वादोन क्विंटल! बाकीचं सगळं बाजारात, मिळेल त्या भावानं गेलं. यात लबाडी कुणाची नाही, योजनाच तशी आहे. केंद्राच्या किंमत समर्थन योजनेत राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच खरेदी करता येते. सगळं सोयाबीन घेऊ असं सरकारनं कधी म्हटलेलंच नाही, फक्त भाषणात तसं ऐकू येतं.

आता हे प्रत्यक्ष रानात कसं उतरतं ते बघा. वाशी तालुक्यातला पाच एकरवाला समजा. एकरी सहा क्विंटल धरा, तीस क्विंटल माल झाला. हमीभाव आणि बाजार यात साडेसातशेचा फरक धरला तर त्याच्या हक्काचे साडेबावीस हजार रुपये होतात. ते मिळवायला त्यानं सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, पासबुक घेऊन नोंदणी करायची आणि एसएमएसची वाट बघायची. माल ऑक्टोबरात मळणीतून निघतो तेव्हा ओलावा पंधरा-सोळा टक्के असतो. केंद्रावर १२ टक्के पाहिजे. म्हणजे वाळवायला जागा हवी, ताडपत्री हवी, वरून पाऊस न येण्याची मेहरबानी हवी. त्याच दिवसांत हरभऱ्याचं बी घ्यायचं असतं, खताचं उधार फेडायचं असतं, दिवाळी दारात असते. एसएमएस येतो डिसेंबरात. तोवर निम्मा माल गेलेला असतो. राहिलेला निम्मा टेम्पोत टाकून केंद्रावर न्यावा तर बारदाना संपलेला. २०२४-२५ ला राज्यभर हेच झालं, पोत्यांवाचून काटे बंद राहिले आणि मुदतवाढीवर मुदतवाढ देत खरेदी जानेवारी ओलांडून फेब्रुवारीत गेली. ज्याच्याकडे पत्र्याचं शेड आहे आणि ज्याला तीन महिने पैशाची घाई नाही, त्यालाच हमीभाव पूर्ण मिळतो. दोन एकरवाल्याला मिळतो तो हमीभावाचा बोर्ड.

ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केल्याचं केंद्रानं जाहीर कधी केलं, तर १५ नोव्हेंबर २०२४ ला. मतदान होतं २० नोव्हेंबरला. तोवर आपल्या भागातला किती माल घरात होता, हे तुमचं तुम्हीच आठवा. त्याच प्रचारात एका बाजूनं सहा हजार आणि दुसऱ्या बाजूनं सात हजार भावाचं आश्वासन होतं. लिलावात सुद्धा इतक्या पटकन बोली चढत नाही.

बरं, खर्चाचं काय? सव्वाअकरा लाख टनाला ४८९२ नं गुणा, साधारण ५४८० कोटी होतात. ही नुसती मालाची किंमत. त्यावर बारदाना, हमाली, वाहतूक, वखारीचं भाडं, आणि नाफेड सरकारी हमीवर बँकेकडून पैसे उचलतं त्याचं व्याज. आता हा माल विकायचा कुणाला? तेलाच्या प्लांटवाल्यांनाच. ते बाजारभावापेक्षा जास्त कशाला देतील? ४२०० नं गेला असं धरलं, तर क्विंटलमागे सातशे रुपये बुडाले. एक कोटी १२ लाख क्विंटलचे झाले पावणेआठशे कोटी, वरचा खर्च वेगळा. आणि सोयाबीन म्हणजे काही सोनं नव्हे. ठेवलं की वाळून वजन घटतं, पावसाळा काढला की तेलातली आम्लता वाढते आणि प्लांटवाला अजून भाव पाडतो.

तरी एक वेळ तोटा मान्य. शेतकऱ्यासाठी सरकारनं आठशे कोटी सोसले तर माझी तक्रार नाही, यापेक्षा जास्त पैसे कशाकशावर उडतात ते आपण बघतोच. माझी तक्रार पुढची आहे. लाखो टन माल सरकारी गोदामात पडलाय हे प्रत्येक प्लांटवाल्याला माहीत असतं. मग तो आडतीवर घाई कशाला करेल? त्याला ठाऊक असतं की भाव जरा चढला की नाफेड लिलाव काढणार. ज्यानं उन्हाळ्यात भाव येईल म्हणून माल राखून ठेवला, त्याच्या डोक्यावर सरकारचाच माल टांगलेला असतो. ज्याचं सोयाबीन केंद्रावर गेलं त्याला साडेसातशे मिळाले, ज्याचं नाही गेलं त्याच्या भावाला त्याच मालानं टोपण बसवलं. पाचातल्या एकाला मदत करून बाकी चौघांचा बाजार दाबायचा, ही कुठली हमी?

आणि आता मुख्य मुद्दा. सोयाबीन जास्त झालंय म्हणून भाव पडला, असं सांगतात. आपला देश वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात सोयाबीनचं तेलच ५० लाख टनांच्या आसपास. तेल आणणाऱ्या देशात तेलबिया जास्त कशा होतील? कोडं सोडवायचं तर एक क्विंटल सोयाबीन फोडून बघावं लागतं. त्यातून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. उरलेली ऐंशी किलो पेंड, ज्याला आपण डीओसी म्हणतो. म्हणजे सोयाबीन हे नावाला तेलबी, खरं पीक पेंडीचं. जास्त झाली आहे ती पेंड.

म्हणूनच सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला, तेव्हा तेलाचा डबा महागला, पण सोयाबीन हललं नाही. घराघरात ओरड झाली, शेतकऱ्याच्या हातात काही आलं नाही. कारण पेंडीचा भाव त्याच वेळी घसरत होता. का? एक तर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड जगात स्वस्त, त्यामुळे आपली निर्यात अडते. दुसरं कारण घरातलंच आहे. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ गाळायला सरकारनं जोर लावला. गाळून उरतो तो प्रथिनांचा चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. कोंबडी खाद्यवाल्यांना तो सोयापेंडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. त्यांनी पेंड कमी केली, चोथा वाढवला. मक्याला भाव मिळाला ही चांगली गोष्ट, मला मक्याचा राग नाही. पण दिल्लीतलं एक खातं सोयाबीनचा हमीभाव वाढवतंय, दुसऱ्या खात्याच्या धोरणानं सोयापेंडीचं गिऱ्हाईक जातंय, आणि मधला फरक तिसरं खातं कर्ज काढून भरतंय. मग मे २०२५ ला कच्च्या तेलावरचा मूळ कर २० वरून १० टक्के केला, म्हणजे उरलेल्या अठरा किलोचाही टेकू काढला. आणि हे कधी, तर नवा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवल्याच्या त्याच आठवड्यात! २०२१ आठवतंय का? लातूरला सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. नवा माल निघेपर्यंत भाव निम्म्यावर. तेव्हा खरेदी केंद्राची गरजही नव्हती, सरकारनं नुसतं गप्प बसायला हवं होतं.

मग काय, खरेदी बंद करा? काही जण भावांतर सुचवतात. मध्य प्रदेशानं २०२५ ला सोयाबीनला तेच केलं, माल न घेता फरक खात्यात. गोदाम नाही, बारदाना नाही, डोक्यावर साठा नाही. पण २०१७ ला त्यांनीच हा प्रयोग केला तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडले, कारण फरक सरकार देणार हे ठाऊक होतं. आपल्या राज्यानं २०२३ च्या हंगामासाठी हेक्टरी ५०००, दोन हेक्टरपर्यंत दिले, सोयाबीनसाठी २६४६ कोटींची तरतूद होती. हेक्टरी पंधरा क्विंटल धरले तर क्विंटलला सव्वातीनशे. कमीच, पण पेरा नोंदलेल्या दोन एकरवाल्यालाही मिळाले, आणि त्यासाठी टेम्पो करावा लागला नाही. माझं मत विचाराल तर लहान शेतकऱ्याला पेऱ्यावर रक्कम आणि केंद्रावर खरेदी, दोन्ही हवं. खरेदीशिवाय व्यापाऱ्याला धाक राहत नाही, आणि नुसत्या खरेदीतून लहान माणूस सुटतो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं पाणी शिरलं, काढणीला आलेलं सोयाबीन काळं पडलं. तो माल केंद्रावर पास कसा होणार? त्याच्यासाठी ५३२८ असो की ८३२८, सारखंच.

पुढाऱ्यांना सहा हजार कधी देता हे विचारणं आता पुरे. पुढच्या वेळी आमदार-खासदार गावात आले की हे विचारा: नोंदणी आणि बारदाना सप्टेंबर संपायच्या आत तयार असेल का? गोदामातला माल ऑक्टोबर ते जानेवारी विकणार नाही, असं लेखी देता का? तेलावरचा कर हंगामाच्या मधे हलवणार नाही, असं दिल्लीत बोलता का? आणि कोंबडी खाद्यात पेंडीची जागा चोथ्यानं घेतली, त्यावर सोयापेंडीच्या निर्यातीला काय मदत देता? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.